जाहिरात एकीकडे, पत्र दुसरीकडे: कव्हर लेटरची छाननी घरी कशी करायची?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे इकडंतिकडं झालं ते थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारची गोष्ट. रात्री साडेनऊला माझी मावसबहीण घरी आली. हातात मोबाईल, चेहरा पडलेला. म्हणाली, "दादा, तेवीस ठिकाणी अर्ज केले. एकाचा पण फोन नाही. काय चुकायलंय सांग की." बी.कॉम. झालेली आहे, चौदा महिने एका सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात काम केलंय, कामाला वाघीण आहे. पण ते ऑफिस बंद झालं. घरात आता एकच विषय: पुण्याला जायचं का? पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, डबा लावायचा, आणि पगारातलं उरणार काय? तिला सोलापुरातच राहायचं होतं. आणि नेमकी तशी एक जाहिरात तिला सापडली होती, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या कारखान्याची. अर्जाची शेवटची तारीख शनिवार.

मी म्हटलं, पत्र दाखव. तिने दाखवलं. मी वाचलं. मग म्हटलं, आता जाहिरात दाखव. ती म्हणाली, "जाहिरात कशाला? पत्र कसंय ते सांग ना."

मंडळी, आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यावर आहे. पत्र "कसंय" असा प्रश्नच नसतो. पत्र या जाहिरातीला उत्तर देतंय का, एवढाच प्रश्न असतो. आणि जाहिरात शेजारी ठेवल्याशिवाय ते कळत नाही. उत्तरपत्रिका तपासायची आणि प्रश्नपत्रिका बघायचीच नाही, असं कोणी करतं का?

मी स्वतः पाच वर्षं एका कापड कारखान्याच्या ऑफिसात होतो. भरतीचं काम माझ्याकडंच होतं. आम्ही पत्र वाचायचो कसं, ते सांगतो. निबंधासारखं वाचत नव्हतो. साहेबांनी एका कागदावर आठ-दहा मुद्दे लिहून दिलेले असायचे. एका हातात तो कागद, दुसऱ्या हातात अर्ज. मुद्दा दिसला की टिक. नाही दिसला की रिकामं. सरकारी भरतीत याला छाननी म्हणतात, तो शब्द मला आवडतो. पीठ चाळणीतून जातं तसं. तर तीच चाळणी आपण पत्र पाठवायच्या आधी घरी वापरायची. त्या रात्री आम्ही दोघांनी काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: जाहिरात फोडायची

जाहिरात इंग्रजीत होती, मी मराठीत सांगतो. साधारण अशी: "टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यासाठी एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन असिस्टंट पाहिजे. पदवीधर, कॉमर्सला प्राधान्य. ऑफिस कामाचा एक ते दोन वर्षांचा अनुभव आवश्यक, निर्यातीचा असल्यास प्राधान्य. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बिनचूक तयार करणे. सीएचए आणि ट्रान्सपोर्टरकडे पाठपुरावा. एक्सेल चांगलं येणे आवश्यक. परदेशी ग्राहकांच्या ई-मेलना इंग्रजीत उत्तर देणे. शिपमेंटच्या वेळी उशिरापर्यंत थांबावे लागेल. वाढत्या कंपनीत उत्तम करिअरची संधी. अर्जात अपेक्षित पगार आणि रुजू होण्याची तारीख लिहावी."

सीएचए म्हणजे कारखान्याच्या वतीने कस्टमचं काम करणारा एजंट. टॉवेलचा कंटेनर इथून न्हावा शेव्याला जातो, तिथली कस्टमची कागदपत्रं तो बघतो.

आता ही जाहिरात आम्ही वहीत ओळीओळीने उतरवली. एका ओळीत एकच मागणी. "उत्तम करिअरची संधी" वगैरे सोडून दिलं, ती मागणी नाही, ती त्यांची स्वतःची जाहिरात. उरल्या आठ ओळी: पदवी, अनुभव, इनव्हॉइस-पॅकिंग लिस्ट, सीएचए-ट्रान्सपोर्टरचा पाठपुरावा, एक्सेल, इंग्रजी ई-मेल, उशिरा थांबणं, आणि पगार-तारीख.

इथे दोन गोष्टी नीट बघा. एक, "आवश्यक" आणि "प्राधान्य" हे दोन वेगळे शब्द आहेत. आवश्यक म्हणजे नसेल तर बहुतेक वेळा अर्ज बाजूला पडतो. प्राधान्य म्हणजे असेल तर बरं. बहीण निर्यातीचा अनुभव नाही म्हणून आधीच खचली होती. पण तिथं शब्द होता प्राधान्य. ऑफिस कामाचा अनुभव आवश्यक होता आणि तो तिच्याकडे होता. दुसरं, या आठ ओळी सारख्या वजनाच्या नाहीत. सगळ्यात जड कोणती? जी पदाच्या नावातच आहे ती. पद आहे डॉक्युमेंटेशन असिस्टंट. म्हणजे तिसरी ओळ, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, हा या नोकरीचा कणा. आणि त्यात एक शब्द लपलाय: "बिनचूक". तो शब्द उगाच आलेला नाही. पॅकिंग लिस्टवर ४८० कार्टन आणि शिपिंग बिलावर ४०८ असं झालं, तर कंटेनर बंदरात अडकतो. जागेचं भाडं चढतं, ग्राहक ओरडतो. कधीतरी तसं झालेलं असतं, तेव्हाच मालक जाहिरातीत "बिनचूक" लिहितो. जाहिरातीतलं विशेषण वाचताना विचारायचं, यांना कुठं चटका बसला असेल?

दुसरं काम: मागणीसमोर वाक्य शोधायचं

आता पत्र घ्यायचं. वहीत प्रत्येक मागणीसमोर पत्रातलं त्याला उत्तर देणारं वाक्य लिहायचं. सारांश नाही, वाक्यच, जसंच्या तसं. का? कारण आपण आपलंच पत्र वाचताना न लिहिलेलंही वाचतो. "एक्सेल? हो हो, ते आलंय की त्यात," असं वाटतं. वाक्य उतरवायला गेलं की सापडत नाही.

मग प्रत्येक ओळीला मार्क. वाक्यच नसेल तर शून्य. नुसता दावा असेल तर एक. पुरावा असेल तर दोन. दावा आणि पुरावा यातला फरक सोपा आहे. जे वाक्य अर्ज करणारा कोणीही लिहू शकतो तो दावा. जे वाक्य फक्त तुम्हीच लिहू शकता, कारण त्यात तुम्ही कुठं, काय, किती केलं ते आहे, तो पुरावा. "मला एक्सेल उत्तम येतं" हा दावा. "गोदामातल्या सुताच्या बॅगांचा रोजचा स्टॉक मी एक्सेलमध्ये ठेवायचे" हा पुरावा.

तिचं जुनं पत्र इंग्रजीत होतं, अकरा वाक्यांचं. त्याचे मार्क असे निघाले. पदवीचं वाक्य स्पष्ट होतं, विषय आणि वर्षासकट: दोन. अनुभव: "मला एका नामांकित फर्ममध्ये कामाचा अनुभव आहे." कसलं काम, किती महिने, काही नाही: एक. इनव्हॉइस-पॅकिंग लिस्ट: शून्य. पाठपुरावा: शून्य. एक्सेल: "मला एमएस ऑफिसचे ज्ञान आहे": एक. इंग्रजी ई-मेल: "माझे संवादकौशल्य उत्कृष्ट आहे": एक. उशिरा थांबणं: "मी मेहनती आहे" असं वाक्य होतं, पण मेहनती असणं आणि रात्री नऊपर्यंत थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य. पगार आणि तारीख: शून्य.

सोळापैकी पाच. ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण दादा, मी तर ही सगळी कामं करायचे रे!" बरोबर. ती करायची. पत्र सांगत नव्हतं. आणि ज्या ओळीला सगळ्यात जास्त वजन, तिथंच शून्य होता.

इथे एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. हे मार्क कळल्यावर बरेच जण काय करतात? जाहिरातीतलेच शब्द उचलून पत्रात टाकतात. "मी इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बिनचूक तयार करू शकते, सीएचएकडे पाठपुरावा करू शकते." वरून बघितलं तर सगळ्या ओळी भरल्या. पण हा प्रतिध्वनी झाला, उत्तर नाही. विहिरीत ओरडलं की आपलाच आवाज परत येतो ना, तसं. माझ्याकडे असे अर्ज यायचे. पहिल्या तिघांना मी फसलो. मग सवय लागली: जाहिरातीतले शब्द पेन्सिलने खोडायचे आणि काय उरतं ते बघायचं. "मी, आणि, करू शकते" एवढंच उरलं की तो एकच मार्क.

तिसरं काम: उलटी तपासणी

आता दिशा बदलायची. मघाशी मागणीकडून पत्राकडे आलो, आता पत्राकडून मागणीकडे जायचं. पत्रातलं एक-एक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, हे आठपैकी कुठल्या ओळीचं काम करतंय?

तिच्या अकरा वाक्यांपैकी चार वाक्यं कामाची निघाली. उरलेली सात अशी: "आपल्या प्रतिष्ठित संस्थेत काम करणे हे माझे स्वप्न आहे." "मी प्रामाणिक आणि वेळेची पक्की आहे." "मला नवीन गोष्टी शिकायला आवडतात." ही वाक्यं खोटी नाहीत. पण ती कुठल्याच ओळीला चिकटत नाहीत. आणि एक वाक्य तर भलतंच निघालं: "आपल्या बँकेच्या प्रगतीत मी हातभार लावीन."

बँकेच्या! आधी कुठल्या तरी बँकेसाठी लिहिलेलं पत्र, तेच पुढे सगळीकडे गेलं होतं. मी हसलो नाही, कारण हा पराक्रम मीही केलाय. वीस-बाविशीत असताना एका कारखान्याला पाठवलेल्या पत्रात दुसऱ्याच कारखान्याचं नाव ठेवलं होतं. पण आपल्या या केसमध्ये हे जास्त महाग आहे. ज्या नोकरीत कागद बिनचूक पाहिजे, तिथं अर्जाच्या कागदातच चूक. म्हणजे तिसऱ्या ओळीला नुसता शून्य नाही, उलटा पुरावा दिला.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. काही मागण्यांचा पुरावा पत्रात लिहायचा नसतो, पत्र स्वतःच तो पुरावा असतो. इंग्रजी येतं का? पत्राचं इंग्रजी बघतात. बारकाईने काम करता का? नाव, पद, तारीख बरोबर आहे का ते बघतात. सूचना पाळता का? पगार आणि तारीख लिहा म्हटलं होतं, लिहिली का ते बघतात. या शेवटच्या ओळीला मधला मार्क नाहीच. लिहिलं तर दोन, नाही तर शून्य.

उलट्या तपासणीला जोडून एक झटपट चाचणी आहे. पत्रातलं कंपनीचं नाव आणि पदाचं नाव बोटाने झाका. आता हे पत्र एखाद्या शाळेच्या ऑफिसला, दवाखान्याच्या रिसेप्शनला, मोबाईलच्या दुकानाला पाठवता येईल का? तिचं जुनं पत्र तिन्ही ठिकाणी चाललं असतं. जे सगळीकडे चालतं ते कुणालाच उत्तर देत नाही. तेवीस ठिकाणी गेलं आणि तेवीस ठिकाणी गप्प बसलं, त्याचं एक मोठं कारण हेच.

याचं जुनं आणि गमतीशीर उदाहरण आहे. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा कारभार बघणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला कामासाठी पत्र लिहिलं, त्याचा मसुदा आजही जपून ठेवलेला आहे. आज आपण लिओनार्दोला चित्रकार म्हणून ओळखतो. पण पत्रात त्याने मुद्देसूद काय लिहिलं? उचलून नेता येणारे पूल, तोफा, वेढा फोडायच्या युक्त्या. इमारती, शिल्पं आणि चित्रं अगदी शेवटी. समोरच्याला लढाईची चिंता होती आणि पत्र त्या चिंतेला उत्तर देत होतं. स्वतःला काय आवडतं यावरून नाही, समोरच्याला काय लागतं यावरून क्रम लावला होता.

चौथं काम: जिथं खरंच उत्तर नाही, तिथं काय?

आता अवघड जागा. तिसऱ्या ओळीला खरं उत्तर काय? तिने एक्स्पोर्टचा इनव्हॉइस कधी बनवला नव्हता. ती म्हणाली, "लिहून टाकू का, थोडा अनुभव आहे म्हणून? कोण बघायलंय?"

मी म्हटलं, बघतात. पत्रातलं प्रत्येक वाक्य म्हणजे इंटरव्ह्यूतल्या एका प्रश्नाला दिलेलं आमंत्रण. "अनुभव आहे" लिहिलंस की पहिला प्रश्न येईल, शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग यात फरक काय? एक निर्यातदार कस्टमकडे दाखल करतो, दुसरं जहाज कंपनी माल घेतल्यावर देते. हे काम केलेला माणूस झोपेत सांगेल. न केलेला तिथंच अडकेल, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जाईल.

मग पर्याय काय? शेजारचं काम शोधायचं. नेमकं तेच काम केलेलं नसलं, तरी त्या कामात लागणारी हालचाल दुसरीकडे केलेली असते. मी तिला विचारत गेलो. सूत व्यापाऱ्याकडे दिवसभर काय करायचीस? ती सांगत गेली. दिवसाला पंधरा-वीस जीएसटी इनव्हॉइस. प्रत्येकाचं ई-वे बिल. त्यात एचएसएन कोड, वजन, बॅगांची संख्या, गाडी नंबर. गाडी सुटायच्या आधी बिल, ई-वे बिल आणि गोदामाची चिठ्ठी, तिन्हीवरचे आकडे जुळवायचे. एकदा बॅगांची संख्या जुळत नव्हती म्हणून तिने भरलेली गाडी थांबवली होती, पाच बॅगा खरंच कमी निघाल्या.

मी म्हटलं, अगं, हेच तर ते! एक्स्पोर्टमध्ये तरी वेगळं काय आहे? कागद जास्त आहेत, नियम वेगळे आहेत, पण गाभा तोच: एकाच मालाचे आकडे सगळ्या कागदांवर सारखे पाहिजेत. तू सुतासाठी रोज ५२०५ ने सुरू होणारा कोड टाकायचीस. कॉटनच्या टेरी टॉवेलचा कोड ६३०२६० ने सुरू होतो. कोड बदलला, जुळवणी तीच. आणि कोइमतूरच्या सूत गिरण्यांशी मेल कोणत्या भाषेत करायचीस? इंग्रजीत. ट्रान्सपोर्टरला फोन करून गाडी कुठं पोहोचली ते रोज विचारायचीस ना? तो पाठपुरावाच.

पण एक अट घातली. शेजारचं काम लिहिताना ते शेजारचं आहे हे उघड सांगायचं. म्हणून पत्रात हे वाक्य आलं: "निर्यातीची कागदपत्रे मी अद्याप केलेली नाहीत, मात्र चौदा महिने रोज पंधरा ते वीस जीएसटी इनव्हॉइस आणि त्यांची ई-वे बिले तयार करताना बॅगांची संख्या, वजन आणि एचएसएन कोड तिन्ही कागदांवर जुळवून मगच गाडी सोडत असे." त्यानंतर गाडी थांबवल्याचं एक वाक्य. बस्स. कमतरता अर्ध्या वाक्यात, पुरावा दीड वाक्यात. कमतरतेवर माफी मागत बसायचं नाही आणि लपवायचीही नाही.

मार्कांमध्ये आम्ही अशा उत्तराला दोनच्या जागी दीड दिला. आपल्याच वहीत आपल्यालाच फसवून उपयोग काय?

नवीन पत्राची छाननी

रात्री बाराच्या पुढं नवीन पत्र तयार झालं. दहा वाक्यं, जुन्यापेक्षा एकाने कमीच. पुन्हा तीच वही. पदवी दोन. अनुभव दोन, कारण आता महिने आणि काम दोन्ही होतं. इनव्हॉइस दीड. पाठपुरावा दीड, ट्रान्सपोर्टर होता पण सीएचए नव्हता. एक्सेल दोन, स्टॉक शीटचं वाक्य आलं. इंग्रजी ई-मेल दीड, कारण मेल कोइमतूरला, परदेशात नाही. उशिरा थांबणं दोन: "मार्चअखेर रात्री नऊपर्यंत काम केले आहे, घर एमआयडीसीपासून स्कूटीवर दहा मिनिटांवर आहे." पगार आणि तारीख दोन. एकूण साडेचौदा.

क्रमही बदलला. जुन्या पत्रात पदवी सगळ्यात वर होती. नव्यात इनव्हॉइस आणि जुळवणीचं वाक्य दुसऱ्याच ओळीला आणलं, कारण वजन तिथं आहे. चाळीस अर्ज वाचणारा माणूस पहिल्या तीन ओळींत ठरवतो की पुढं वाचायचं का.

शेवटी दोन गोष्टी पडताळल्या. पत्रात जे लिहिलं ते बायोडेटातही आहे का? तिच्या बायोडेटात ई-वे बिलाचा शब्दच नव्हता, आणि पत्रात चौदा महिने तर बायोडेटात "एक वर्ष" होतं. दोन कागदांवर दोन आकडे! तेही डॉक्युमेंटेशनच्या नोकरीसाठी! ते दुरुस्त केलं. दुसरं, सकाळी तिच्या मैत्रिणीला जाहिरात न दाखवता फक्त पत्र वाचायला दिलं आणि विचारलं, ही नोकरी कसली असेल? मैत्रीण म्हणाली, "माल पाठवायचे कागद बनवायची दिसते." मग पाठवलं. ही सगळ्यात चांगली तपासणी: जाहिरात न बघता पत्रावरून जाहिरात ओळखता आली पाहिजे.

या चाळणीला काय जमत नाही

आता खरं सांगतो, म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. मंगळवारी तिला इंटरव्ह्यूचा फोन आला. चोविसात पहिला. तिथं साहेबांनी पत्र समोर ठेवून नेमकं तेच विचारलं, "ती गाडी थांबवलीत, तेव्हा मालक काय म्हणाले?" वीस मिनिटं बोलणं झालं. पण नोकरी तिला मिळाली नाही. दोन वर्षं निर्यातीचं काम केलेला एक जण होता, त्याला मिळाली. प्राधान्य या शब्दाचा अर्थ हाच असतो. पत्र दारापर्यंत नेतं. आत कोण बसलंय, ते पत्राच्या हातात नाही.

अजून एक मर्यादा. काही जाहिराती इतक्या मोघम असतात की फोडायला काही सापडतच नाही. "ऑफिस स्टाफ पाहिजे, चांगला पगार." तिथं आधी फोन करून काम काय आहे ते विचारायचं, आणि जे कळेल त्याची यादी करायची. आणि कधी यादी केल्यावर कळतं की दोन "आवश्यक" ओळींना आपल्याकडे शेजारचंसुद्धा काही नाही. मग ते पत्र लिहायचंच नाही. तो वेळ पुढच्या जाहिरातीला द्यायचा.

बहिणीने परवा तेच केलं. एका जाहिरातीची यादी केली, सात ओळी, त्यात दोन आवश्यक ओळी रिकाम्या, सोडून दिली. दुसऱ्या एका गारमेंट युनिटच्या डिस्पॅच ऑफिसची यादी केली, सहा ओळी, पाच भरल्या. मला फोन करून म्हणाली, "दादा, तू येऊ नको, मी केलंय सगळं. फक्त एक वाक्य ऐक, दावा आहे का पुरावा सांग."

मी ऐकलं. दावा होता. तिला सांगितलं. ती म्हणाली, "हं, मला वाटलंच," आणि फोन ठेवला.

तर मंडळी, तुमच्या मोबाईलमध्ये एखाद्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट पडून असेलच. वही काढा, जाहिरात ओळीओळीने उतरवा, समोर पत्रातली वाक्यं लिहा. सोळापैकी किती, किंवा तुमच्या जाहिरातीत जेवढ्या ओळी असतील त्याच्या दुपटीपैकी किती, ते कमेंटमध्ये सांगा. आणि एखादं वाक्य दावा की पुरावा असा वाद पडला, तर ते वाक्य लिहून पाठवा. कंपनीचं आणि तुमचं नाव मात्र काढून. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातलीच चार-पाच घेऊ.

भेटू पुढच्या गुरुवारी.